काल्यातला एकटा कृष्ण: छायाचित्र किती कापावे?

पेडणे तालुक्यात आणि तेरेखोल नदीपलीकडच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात जत्रेची रात्र दशावतारी खेळाने भरते आणि पहाटे दहीकाल्याने संपते. पार्से हे गाव याच पट्ट्यातले. काल्यात कृष्णाची भूमिका पुष्कळदा गावातल्याच एखाद्या लहान मुलाकडे असते, आणि त्या वेळी मंडपासमोर जितकी माणसे तितके मोबाइल वर असतात. दुसऱ्या दिवशी त्यातले एक छायाचित्र घरच्यांकडे येते. त्यात मंच माणसांनी गच्च भरलेला असतो आणि आपला कृष्ण मध्यभागी कुठेतरी बोटभर दिसतो. मग साहजिकच कुणीतरी चौकटीच्या चारही कडा आत ओढतो आणि फक्त कृष्ण ठेवतो. हेच छायाचित्र पुढे मंडळाच्या स्मरणिकेत, वर्तमानपत्राच्या जत्रा-पुरवणीत किंवा लोककलेवरच्या एखाद्या लेखात छापले जाते. या कापण्यात नेमके किती हरवले, हे ठरवण्याची काही रीत आहे का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की हरवलेला संदर्भ कापलेल्या क्षेत्रफळावरून मोजता येत नाही. मूळ चित्र ज्या प्रश्नांची उत्तरे देत होते त्यांतल्या किती प्रश्नांवर कापलेले चित्र गप्प बसते, यावरून तो मोजावा लागतो. तसे मोजले, की चौकट कुठे थांबवायची हेही आपोआप कळू लागते.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक नमुन्याचे छायाचित्र मनात धरू. पार्शातल्या एखाद्या देवळापुढे मंडप आहे आणि त्यातला मंच 30 फूट रुंद आहे. समोरून घेतलेल्या छायाचित्रात तो या कडेपासून त्या कडेपर्यंत मावला आहे. मंचाच्या एका बाजूला पायपेटी घेऊन नाईक म्हणजे सूत्रधार बसला आहे, त्याच्या शेजारी मृदंग आणि झांज. मागे रंगवलेला पडदा, मधोमध दशावतारी मंचावर असते तेवढीच एक वस्तू, म्हणजे बाक. वरून दोरीने हंडी टांगलेली. बाकावर साधारण चार फूट उंचीचा कृष्ण, मुकुटात मोरपीस, उजवा हात वर, मान किंचित डावीकडे वळलेली, तोंड अर्धवट उघडे. डावीकडे पेंद्या आणि दोन गोपाळ, कृष्णाच्या पाठीशी एक मोठा नट, ज्याचा हात मुलाच्या कमरेजवळ आहे. मंडपाच्या कडेला आकाश फिकट निळे झालेले दिसते आहे. अशा प्रकारचे चित्र पेडण्यात-डिचोलीत दर हंगामात निघते, त्यामुळे ते डोळ्यांसमोर आणायला कुणाला अडचण पडू नये.

आता आधी ज्याचे गणित सरळ आहे ते पाहू. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे छायाचित्र साधारण 6000 पिक्सेल रुंद आणि 4000 पिक्सेल उंच असते. तीस फुटांचा मंच सहा हजार पिक्सेलमध्ये बसला, म्हणजे प्रत्येक फुटाच्या वाट्याला 200 पिक्सेल आले. चार फुटांचा मुलगा 800 पिक्सेल उंच भरतो. त्याच्याभोवती सहा फूट उंच आणि चार फूट रुंद अशी चौकट टाकली, तर हातात 1200 गुणिले 800 म्हणजे 9 लाख 60 हजार पिक्सेल राहतात. मूळचे 2 कोटी 40 लाख होते. म्हणजे चित्राचा 4 टक्के भाग उरला. चांगल्या छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरतात, त्या हिशेबाने हे चित्र चार इंच उंच आणि पावणेतीन इंचांहून थोडे कमी रुंद छापता येईल. स्मरणिकेच्या पानावर एका कोपऱ्यात ते शोभेल, मुखपृष्ठावर मात्र फाटेल. हेच छायाचित्र व्हॉट्सॲपवरून साध्या दर्जात आले असेल तर त्याची रुंदी सुमारे 1600 पिक्सेलवर उतरलेली असते. मग फुटाला 53 पिक्सेल, अख्खा मुलगा सव्वादोनशेच्या आत, आणि चेहरा जेमतेम 35 ते 40 पिक्सेल. एवढ्या ठिपक्यांत डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही खात्रीने सांगता येत नाही. मुकुटाखाली कोण आहे हे आईला कळेल, कारण तिला ते आधीच ठाऊक आहे.

कापल्याने आणखी एक गोष्ट उघडी पडते, ती म्हणजे हालचाल. मंडपातल्या उजेडात शटर सहसा सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास चालते. मुलाचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने वर जात असेल तर तेवढ्या वेळात तो तीन सेंटिमीटरहून थोडा जास्त सरकतो आणि आपल्या चित्रात सुमारे 22 पिक्सेलचा पुसटपणा सोडतो. पूर्ण मंच आठ इंच रुंदीत छापला तर हा पुसटपणा मिलिमीटरच्याही आत राहतो, कुणाच्या लक्षात येत नाही. कापून वाढवलेल्या चित्रात तोच जवळजवळ दोन मिलिमीटरचा होतो आणि बोटे वितळल्यासारखी दिसतात. कमी उजेडामुळे आलेले रंगीत कणही त्याच प्रमाणात मोठे होतात. हे नुकसान खरे आहे, पण ते डोळ्यांना दिसते. चित्र खराब झाले हे पाहणाऱ्याला कळते आणि तो त्यावर कमी विश्वास टाकतो. संदर्भाचे नुकसान याच्या उलट वागते. चांगल्या कॅमेऱ्याचे, स्वच्छ, धारदार कापलेले चित्र पाहताना काही गेले आहे अशी शंकासुद्धा येत नाही. म्हणून पिक्सेलचा हिशेब इथेच थांबवून दुसऱ्या हिशेबाकडे वळणे भाग आहे.

चार टक्के भाग उरला म्हणजे शहाण्णव टक्के संदर्भ गेला, असे म्हणणे चूक ठरेल. आपल्या नमुना-चित्रात रंगवलेल्या पडद्याने आणि मंचाच्या रिकाम्या फळ्यांनी बरीच जागा व्यापली आहे. ती निम्म्याने कापली तरी कुठलाही प्रश्न अनुत्तरित राहत नाही. उलट हंडी ही चित्राच्या क्षेत्रफळात अगदी किरकोळ जागा घेते, पण ती गेली की वर केलेल्या हाताचे कारण जाते. तो हात आता कशाचाही असू शकतो: आशीर्वादाचा, दटावण्याचा, प्रेक्षकांतल्या कुणाला हाक मारण्याचा, नाचातल्या एका ठेक्याचा. पेंद्या गेला की वळलेली मान कुणाकडे वळली आहे ते जाते आणि अर्धवट उघडे तोंड हसणे, घाबरणे, गाणे किंवा पुढची ओळ विसरणे यांतले काहीही होते. मागचा मोठा नट गेला की मुलाचे मापच जाते. एकट्या, पूर्ण वेशातल्या मुलाचे चित्र पाहून तो सहा वर्षांचा आहे की अकरा, हे सांगणे अवघड असते, कारण मुकुट आणि कमरपट्टा अंगाचे प्रमाण बदलतात आणि तुलनेला दुसरे माणूस उरत नाही. त्या नटाचा कमरेजवळचा हात गेला की हेही जाते, की हे मूल उंच बाकावर स्वतःच्या भरवशावर उभे नव्हते, कुणीतरी त्याला सांभाळत होते. आणि मंडपाच्या कडेचे फिकट आकाश गेले की पहाट जाते. दशावतारी खेळात वेळ ही कथेइतकीच महत्त्वाची असते. सुरुवातीच्या भागात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जातात, काळ्या वेशातला संकासूर नाईकाशी बोलीत हुज्जत घालतो आणि विष्णूच्या हातून मारला जातो. त्यानंतर मुख्य आख्यान, आणि सरतेशेवटी काला. चौकटीत संकासूर असेल तर जाणकार सांगेल की रात्र अजून बरीच बाकी आहे. हंडी आणि उजाडलेले आकाश असेल तर तो सांगेल की मंडळी रात्रभर जागलेली आहेत. एकट्या कृष्णाच्या चित्रावरून यातले काहीही सांगता येत नाही.

चेहऱ्यावरच्या भावाबद्दल लोकांचा समज असा असतो, की चेहरा स्वतःच बोलतो आणि बाकीचे चित्र केवळ सजावट असते. हा समज तपासला गेला आहे. हिलेल अविएझर, याकोव्ह ट्रोप आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2012 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात टेनिसपटूंच्या छायाचित्रांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. महत्त्वाचा गुण जिंकल्यावरचे आणि हरल्यावरचे खेळाडू निवडून त्यांनी काही जणांना फक्त चेहरे दाखवले, काहींना चेहरा काढून फक्त शरीर, आणि काहींना पूर्ण चित्र. फक्त चेहरा पाहणाऱ्यांना जिंकलेला कोण आणि हरलेला कोण हे ओळखता आले नाही. शरीर पाहणाऱ्यांना ओळखता आले, मग चेहरा दिसत असो वा नसो. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या शरीरावर बसवला तर लोक त्या चेहऱ्यात शरीराला जुळणारा भाव वाचत. हा निष्कर्ष अत्यंत तीव्र भावनांच्या क्षणांपुरता आहे, शांत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याला तो तसाच लावता येणार नाही. पण मंचावर हंडीकडे झेपावणारे मूल हे तीव्र क्षणाचेच उदाहरण आहे. म्हणून छातीपर्यंत कापलेला कृष्ण आणि पायापर्यंत ठेवलेला कृष्ण यांतला फरक केवळ मांडणीचा राहत नाही. पहिल्यात पाहणारा भाव कल्पनेने भरतो, दुसऱ्यात त्याला निदान अर्धा पुरावा मिळतो.

गर्दीच्या मंचावरून एकच माणूस कापून काढण्याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मोठ्या माणसाचे आहे, पण त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. 5 मार्च 1960 रोजी हवानामध्ये ‘ला कुब्र’ या जहाजावरच्या स्फोटात मेलेल्यांसाठी शोकसभा झाली. व्यासपीठावर नेते दाटीने उभे होते. छायाचित्रकार अल्बेर्तो कोर्डा यांनी चे गेव्हाराची दोन छायाचित्रे घेतली. त्यांतल्या आडव्या चित्रात एका बाजूला दुसऱ्या माणसाचा अर्धा चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पाने. कोर्डांनी दोन्ही कापली आणि मधला चेहरा उभा ठेवला. पुढे तेच चित्र जगभर भित्तिपत्रकांवर आणि सदऱ्यांवर गेले. त्या चेहऱ्यावरचा ताण शोकसभेतला होता, आदल्या दिवशीच्या मृत्यूंचा होता. कापलेल्या चित्रात तो भविष्याकडे पाहणारा निर्धार बनला. कापलेला भाग पाहिला तर त्यात ‘महत्त्वाचे’ असे काहीच नाही, एक अर्धा चेहरा आणि थोडी पाने. तरी तेवढ्याने हा माणूस कुठल्या तरी ठिकाणी, कुणाच्या तरी शेजारी, एका विशिष्ट दिवशी उभा होता एवढे कळत होते. ते गेल्यावर तो कुठेच नव्हता, आणि जो कुठेच नसतो त्याला कुठेही चिकटवता येते. लहान कलाकाराचे तेच होते. पार्शातल्या काल्याचा कृष्ण पार्श्वभूमीविना उरला, की तो शाळेच्या स्नेहसंमेलनातला, गोकुळाष्टमीच्या वेशभूषा स्पर्धेतला किंवा एखाद्या मिठाईच्या जाहिरातीतला कृष्ण म्हणूनही खपतो.

तर मग त्या नमुना-चित्राच्या तीन चौकटी करून पाहू. पहिली फक्त मुकुट ते छाती, दोन फूट बाय दोन फूट, म्हणजे 400 गुणिले 400 पिक्सेल. दुसरी आधी पाहिलेली, पूर्ण मुलाची, चार टक्क्यांची. तिसरी दहा फूट उंच आणि बारा फूट रुंद, जिच्यात हंडी, बाक, पेंद्या, गोपाळ आणि मागचा नट येतात, पण वादक आणि पडद्याच्या दोन्ही कडा जातात. तिसरीत 2400 गुणिले 2000 म्हणजे 48 लाख पिक्सेल, मूळच्या 20 टक्के. आता ज्याने मूळ छायाचित्र पाहिलेले नाही अशा एखाद्याला प्रत्येक चौकट वेगळी दाखवावी आणि पाच प्रश्न विचारावेत: मुलगा काय करतो आहे, तो कुणाकडे पाहतो आहे, तो साधारण केवढा आहे, हा खेळाचा कुठला भाग आहे, आणि हे कुणाच्या साथीने चालले आहे. उत्तरे मूळ चित्राशी ताडून पाहावीत. पहिल्या चौकटीत पाचांपैकी एकाचेही उत्तर चित्रातून मिळत नाही. जे मिळते ते तर्काने. दुसरीत ‘काय करतो आहे’ याचे अर्धे उत्तर मिळते, कारण पाय बाकावर आहेत आणि शरीर ताणलेले आहे. तिसरीत पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे स्पष्ट आहेत. चौथ्याचे हंडीमुळे मिळते, फक्त पहाट झाली होती हे कळत नाही. साथीचा प्रश्न तेवढा पूर्ण अनुत्तरित राहतो. पहिल्या आणि दुसऱ्या चौकटीत क्षेत्रफळाचा फरक सहापट आहे, उत्तरांचा फरक अर्ध्या प्रश्नाचा. दुसरीहून तिसरी पाचपट मोठी आहे आणि तिथे मात्र साडेतीन प्रश्न परत येतात. क्षेत्रफळ आणि संदर्भ एकत्र वाढत नाहीत ते असे. वाढ अचानक होते, जेव्हा चौकट एखाद्या दृष्टीच्या किंवा हाताच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते तेव्हा. कापताना कडा कुठे थांबवायची याचे व्यावहारिक उत्तरही हेच: मुलाची नजर, हात आणि त्याला स्पर्श करणारे माणूस यांची दुसरी टोके चौकटीत येईपर्यंत कडा बाहेर सरकवावी.

हे प्रश्न प्रत्येक कलेला सारख्याच वजनाने लागू पडत नाहीत. गोव्यातल्या फुगडीचे छायाचित्र घ्या. तिथे एकटी मुलगी कापून काढणे म्हणजे कृतीच नाहीशी करणे, कारण फुगडी एकटीच्या अंगात नसते. दोघींच्या गुंफलेल्या हातांत किंवा सगळ्यांच्या फेरात ती असते. कापलेल्या चित्रात एक मुलगी मागे झुकलेली दिसेल आणि तिचे हात मनगटाशी तुटतील. ती पडते आहे असे वाटले तर पाहणाऱ्याचा दोष नाही. बालभजनी पथकात स्थिती वेगळी आहे. तिथे मुख्य गायक मूल बहुधा बसलेले असते, समोर ध्वनिक्षेपक असतो, हातात टाळ असतात. त्याला एकट्याला कापले तरी ते गाते आहे हे कळते. जाते ते हे, की मागे मृदंग आहे, बाजूला कोरस धरणारी दहाबारा मुले आहेत आणि स्पर्धेत गुण साऱ्या पथकाला मिळतात. आणि दशावतारातच एखादा बालनट प्रल्हाद म्हणून एकटा उभा राहून पद म्हणत असेल, तर त्या क्षणी मंचानेच त्याला वेगळे काढलेले असते. बाकीचे बसलेले किंवा आत गेलेले असतात. तिथे घट्ट कापल्याने फारसे बिघडत नाही. म्हणजे कापण्याआधी पाहायचे ते एवढेच, की त्या क्षणी काम एकट्याचे होते की अनेकांचे. मंचाने ज्याला एकटे केले त्याला चौकटीनेही एकटे करायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की प्रत्येक छायाचित्र मुळातच कापलेले असते. छायाचित्रकाराने मंच चौकटीत घेतला तेव्हा प्रेक्षक, देऊळ आणि जत्रेतली खाज्याची दुकाने त्याने आधीच वगळली. मग नंतर आणखी थोडे वगळले तर बिघडले कुठे? आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे नंतर कापण्याच्या विरोधातले सर्वांत ठाम नाव, तरी सां-लाझार स्थानकामागे पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्यांचे 1932 चे गाजलेले चित्र कापलेलेच आहे, कारण कुंपणाच्या फटीतून घेताना एका बाजूला लाकूड आले होते. आक्षेपातले तथ्य मान्य आहे. कापणे पाप आहे असे माझे म्हणणे नाहीच. पण दोन वगळण्यांत फरक आहे. समोरून छायाचित्र घेणाऱ्याने जे वगळले ते कुणाकडेच नाही, त्यामुळे त्याची तुलना करता येत नाही. नंतर कापणाऱ्याजवळ पूर्ण चित्र असते. पेंद्या कुठे होता, हंडी कुठे होती हे त्याला दिसते आहे आणि तरी तो ते काढतो. त्याची निवड माहितीनिशी केलेली असते, म्हणून तिचा जाबही त्याला विचारता येतो. लाकडाचा तुकडा काढणे आणि हंडी काढणे या दोन्हीला कापणेच म्हणतात, पण पाच प्रश्नांची कसोटी लावली तर पहिल्याने एकही उत्तर जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहाराचा आहे: चित्राखाली ओळ लिहा, संदर्भ परत येतो. गाव, तारीख, प्रयोग, भूमिका ही माहिती ओळ नक्कीच देते आणि ती पूर्ण मंचाच्या चित्रालाही लागतेच. पण ओळ फक्त सांगते, दाखवत नाही. ‘हंडी फोडताना कृष्ण’ असे लिहिले तर वाचक विश्वास ठेवेल, पण ओळ चुकीची असती तर ते त्याला कळले नसते. चित्रात हंडी असेल तर चुकीची ओळ लगेच उघडी पडते. शिवाय ओळ चित्राला बांधलेली नसते. चित्र पुढे पाठवताना ओळ मागे राहते. व्हॉट्सॲपवरून साधे छायाचित्र म्हणून पाठवल्यास मूळ फाइलमधली तारीख-वेळेची नोंदसुद्धा निघून जाते. चौथ्या-पाचव्या हातात जे पोहोचते ते चौकटीत जेवढे होते तेवढेच. म्हणून जो संदर्भ टिकावा असे वाटते तो चौकटीतच ठेवावा लागतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मंचावर इतरांचीही मुले असतात. आपल्या मुलाचे चित्र सर्वांसमोर ठेवताना त्यांचे चेहरे का ठेवायचे? त्यांच्या आईवडिलांना विचारलेले नसते. इथे कापण्याला खरे कारण आहे आणि संदर्भ गेला तरी ते कारण मोठे ठरू शकते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, बाकीच्यांना काढण्याचा निर्णय ‘चित्र छान दिसावे’ म्हणून झाला आणि त्याला नंतर काळजीचे नाव दिले, असे होऊ नये. जानेवारी 2020 मध्ये दावोसला पाच तरुण पर्यावरण कार्यकर्त्यांच्या छायाचित्रातून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने युगांडाच्या व्हेनेसा नकाते हिला कापले. उरलेल्या चौघी युरोपातल्या होत्या. मागची इमारत मांडणी बिघडवत होती म्हणून कापले, असे कारण देण्यात आले. टीका झाल्यावर संस्थेने मूळ चित्र प्रसिद्ध केले आणि चूक कबूल केली. हेतू मांडणीचा होता हे खरे मानले तरी परिणाम एका माणसाला सभेतून वगळण्याचा झाला. काल्याच्या चित्रात कडेचा तिसरा गोपाळ नेहमी कापला जात असेल, तर त्याच्या घरी ते कळते. दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. कापल्याने माणूस नेहमी खरोखर निघून जातो असे नाही. स्मरणिकेसाठी वर्डमध्ये छायाचित्र घालून तिथेच कापले, तर बाजूचा भाग फक्त झाकला जातो. फाइल मिळालेला माणूस तो परत उघडू शकतो. त्यासाठी `Compress Pictures` मध्ये जाऊन `Delete cropped areas of pictures` निवडावे लागते. दुसऱ्या मुलांचे चेहरे खरोखर काढायचे असतील, तर छायाचित्र आधी वेगळे कापून नवी प्रत करावी आणि तीच पुढे द्यावी.

घरच्या संग्रहासाठी कुणी पहिली, सर्वांत घट्ट चौकट निवडली तर त्यात काही वावगे नाही. घरातल्यांना पाचही उत्तरे ठाऊक असतात, त्यामुळे त्यांच्यापुरता संदर्भ जातच नाही. स्मरणिकेला, वर्तमानपत्राला आणि लोककलेवरच्या लेखाला ती सवलत मिळू शकत नाही, कारण तिथला वाचक पार्शाचा नसतो आणि ज्या काल्याची ओळख त्याला करून द्यायची तोच काला त्या चौकटीत नसतो. अशा ठिकाणी तिसरी, वीस टक्क्यांची चौकट छापावी. कृष्ण तिच्यातही ठळक दिसतो, आठ इंच रुंदीपर्यंत ती नीट छापली जाते आणि पाचांपैकी चार प्रश्नांना ती बहुतांशी पुरी पडते. कापताना फोनमध्ये `Save copy` निवडून मूळ छायाचित्र जपावे आणि ते मंडळाच्या संग्रहाला तारीख, गाव, आख्यान आणि मंचावरच्या प्रत्येकाच्या नावासह द्यावे. कापलेली चौकट केव्हाही नव्याने आखता येते, पण पुसून टाकलेल्या मूळ चित्रातला पेटीवरचा नाईक कोण होता, हे वीस वर्षांनी विचारणाऱ्याला कुणीही सांगू शकणार नाही.